नोकरी बदलली, पगार येणं थांबलं: जुन्या सॅलरी अकाउंटचं करायचं काय?

सातपूर_ते_अंबड

मंडळी, एप्रिलअखेर सातपूरची कंपनी सोडली आणि अंबडला लागलो. नव्या कंपनीने पहिल्याच दिवशी त्यांच्या बँकेच्या माणसाला समोर बसवून नवीन खातं उघडून घेतलं, त्यामुळे पगार आता तिकडे येतो. जुनं सॅलरी अकाउंट एका खासगी बँकेत आहे आणि बरीच वर्षं वापरात असल्याने सगळं त्यालाच चिकटलेलं आहे. गाडीचा दहा हजारांचा हप्ता ५ तारखेला तिथून कटतो. पीएफला तोच खाते क्रमांक, आयकराचा परतावाही तिथेच. जुन्या कंपनीचा शेवटचा हिशोब अजून यायचा आहे, तोही त्याच खात्यात येणार.

खात्यात साधारण चारेक हजार पडून असतात. झिरो बॅलन्सची सवय लागलीय, जास्त ठेवायची वेळच आली नाही. आता ऑफिसात एक जण म्हणतो तीन महिन्यांनी दंड सुरू होतो, दुसरा म्हणतो बँकेला कळतसुद्धा नाही. खातं ठेवू की बंद करू? आणि मीच नव्या खात्यातून दर महिन्याला तिकडे पैसे पाठवले तर तो पगार धरला जाईल का?

फावला_वेळ

बँकेला कळत नाही? माझ्या वाढदिवसाचा मेसेज बायकोच्या आधी बँकेचा येतो. पगार थांबलेला तर त्यांना तुमच्या सासऱ्यांच्याही आधी कळतो.

गोदाकाठ

सोपं आहे. पगाराइतकी रक्कम दर महिन्याच्या १ तारखेला आयएमपीएसने जुन्या खात्यात टाकायची, रिमार्कमध्ये 'SALARY' लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी परत काढून घ्यायची. माझ्या मित्राचं असंच चाललंय. सिस्टीमला फक्त क्रेडिट दिसतं, माणूस कोण बघतोय.

वैशाली_इंदिरानगर

गोदाकाठ, मी एका कारखान्यात पगारपत्रकाचं काम बघते, म्हणून सांगते. असं होत नाही.

सॅलरी अकाउंट हा कंपनी आणि बँक यांच्यातल्या कराराचा भाग असतो. बँक कंपनीला एक कोड देते आणि कर्मचाऱ्यांची खाती त्या कोडाखाली जोडते. महिनाअखेरीला आम्ही नावं, खाते क्रमांक आणि रकमा असलेली एकच फाइल कंपनीच्या खात्यावरून अपलोड करतो. त्या फाइलमधून आलेली रक्कम पगार म्हणून नोंदली जाते. रिमार्कमध्ये काय लिहिलंय यापेक्षा पैसे कोणाच्या खात्यातून आणि कोणत्या वाटेने आले हे बघितलं जातं. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात पाठवलेले पैसे म्हणजे साधा ट्रान्सफर, मग वर 'SALARY' लिहा नाहीतर 'दिवाळी बोनस' लिहा.

तुमच्या मित्राचं चाललंय याची कारणं वेगळी असतील. त्याच्या बँकेने रूपांतर अजून केलं नसेल किंवा त्याची शिल्लकच पुरेशी असेल. दर महिन्याला रक्कम एकच दिवस राहिली तरी ती मोठी असेल तर सरासरीला हातभार लागतो. त्याचा पगार किती आहे?

गोदाकाठ

पगार चांगला आहे त्याचा, मुंबईच्या कंपनीचं घरून काम करतो. पण मुद्दा तोच ना, चाललंय म्हणजे चाललंय.

निवृत्त_काऊंटर

वैशालीताईंनी बरोबर सांगितलं. मी सरकारी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं नाशिकरोडला होतो. अशी खाती रोज समोर यायची, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक बँकांचा नियम असा की सलग तीन महिने पगार आला नाही तर खातं साध्या बचत खात्यात बदलतं. खाते क्रमांक तोच, पासबुक तेच, कार्डही बहुधा तेच चालू राहतं. बदलतो तो आतला प्रकार, ज्याला आम्ही प्रॉडक्ट कोड म्हणायचो. म्हणून लोकांना पत्ता लागत नाही. मेसेज येतो, पण तो लोनच्या आणि ऑफरच्या मेसेजमध्ये बुडून जातो.

प्रकार बदलला की त्या बँकेच्या साध्या खात्याला जी किमान सरासरी शिल्लक लागते, ती तुम्हालाही लागू. सरासरी म्हणजे रोज रात्री खात्यात जे उरतं त्याची महिन्याची बेरीज, भागिले दिवस. हे धागाकर्त्याच्याच आकड्यांवर बघू. समजा बँकेची अट १०,००० ची आणि दंड तुटीच्या सहा टक्के, पण जास्तीत जास्त ५००. बऱ्याच खासगी बँकांचे दर या आसपासचे असतात, तुमच्या बँकेचा तक्ता तिच्या संकेतस्थळावर मिळेल.

खात्यात कायम ४,००० पडून आहेत. तुम्ही ३ तारखेला हप्त्यासाठी १०,००० टाकता आणि ५ ला ते कटतात. म्हणजे ते दहा हजार फक्त दोन रात्री खात्यात झोपले. दोन गुणिले दहा हजार म्हणजे वीस हजार, भागिले तीस, म्हणजे ६६७ रुपये. तुमची सरासरी झाली ४,६६७. तूट ५,३३३. तिचे सहा टक्के ३२०, वर १८ टक्के जीएसटी ५८, एकूण ३७८ रुपये. हे दर महिन्याला. लोक काऊंटरवर येऊन भांडायचे की अहो, दर महिन्याला दहा हजार टाकतो की मी! टाकता हो, पण ते राहत नाहीत.

गोदाकाठ यांच्या मित्राचंही यात उत्तर आहे. तीन लाख एकच रात्र ठेवले तरी तीस दिवसांच्या महिन्यात सरासरी दहा हजार भरते. त्याला वाटतं रिमार्क चालला, प्रत्यक्षात शिल्लक चालली.

फावला_वेळ

काका, तीन लाख एका रात्रीसाठी द्या, सकाळी परत करतो.

गोदाकाठ

ठीक आहे, असेल तसं. तरी मी म्हणतो दंड लागलाच तर लागू दे. खात्यात शून्य ठेवायचं आणि विसरून जायचं. रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे की किमान शिल्लक नाही म्हणून खातं उणे करता येत नाही. शून्यातून काय कापणार?

द्राक्षबाग_पिंपळगाव

आमच्या वडिलांचं पण असंच आहे. पेन्शन ज्या खात्यात येते त्यात त्यांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही आणि पेन्शन थांबली. तर खातं बंद होईल का? ते बँकेत जायला तयार नाहीत, म्हणतात मी जिवंत आहे हे दिसत नाही का त्यांना.

निवृत्त_काऊंटर

द्राक्षबाग, तुमचा विषय वेगळा. दाखला न दिल्याने पेन्शन थांबते, खात्याला काही होत नाही. दाखला दिला की थकलेली पेन्शनही येते. मोबाइलवरून चेहरा दाखवून जीवन प्रमाण करता येतं, वडिलांना बँकेत न्यायची गरज नाही. घरी बसून करा.

गोदाकाठ, तुमचं अर्धं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि भरायला किमान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे, सरसकट नाही. आणि केवळ या दंडामुळे खातं उणे जाता कामा नये. हे खरं.

पण 'केवळ या दंडामुळे' हे शब्द नीट वाचा. खात्यात शून्य आहे आणि त्यावर कर्जाच्या हप्त्याचा किंवा एसआयपीचा मँडेट जिवंत आहे, तर ५ तारखेला तो परत जाणार. त्याचा वेगळा दंड बँक लावते, साधारण तीनशे ते पाचशे आणि वर जीएसटी, शिवाय कर्ज देणारा आपला दंड लावतो. तो किमान शिल्लकेचा दंड नाही, त्यामुळे त्याला ते संरक्षण नाही. हप्ता चुकल्याची नोंद सिबिलला जाते ती वेगळीच. शून्यावर सोडलेल्या खात्यांनी माणसं अडकतात ती बहुतेक अशी, त्या ३७८ रुपयांनी नव्हे.

घरचा_हिशोब

काकांनी लिहिलं त्यात आणखी एक भर. आमच्या यांना बँकेने सॅलरी अकाउंटवर ओव्हरड्राफ्ट दिला होता. पगाराच्या काही पट रक्कम ॲपमध्येच दिसायची, एक बटण दाबलं की खात्यात. मुलीच्या क्लासच्या फीसाठी थोडी उचल केली होती. नोकरी गेली, पगार थांबला आणि बँकेने सवलत काढून घेतली. म्हणजे उचललेले पैसे एकदम परत करा. व्याज रोजचं चालूच. त्या काळात घरात पैसेच नव्हते, ते भरायचे कुठून?

बँकेचं चुकलं असं मी म्हणत नाही, कागदावर लिहिलेलं असतं. पण ॲपमध्ये ती रक्कम 'उपलब्ध शिल्लक' म्हणून आपल्याच पैशांत मिसळून दाखवतात, ते मला पटत नाही. खात्यात किती आपलं आणि किती उधारीचं हे बघायला दोन वेळा आत जावं लागतं.

सातपूर_ते_अंबड

बापरे. माझ्याही ॲपमध्ये तसलं काहीतरी दिसतं. मी कधी वापरलं नाही, पण आत्ता जाऊन बघतो.

प्रेसवाला_नाशिकरोड

आम्ही सरकारी माणसं, आमचं खातं सरकारी बँकेत. स्टेट बँकेने बचत खात्यावरची किमान शिल्लकेची अट मार्च २०२० मध्येच काढली. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा यांनीही दंड काढला. मग हा सगळा धागा कशासाठी? खासगी बँकेतून बाहेर पडा आणि सरकारी बँकेत या, विषय संपला.

वैशाली_इंदिरानगर

दंडाचा विषय संपतो, बाकीचा नाही. तुमच्या खात्यावर अपघात विमा आहे ना? पगार थांबल्यावर त्याचं काय होतं विचारलंय कधी?

प्रेसवाला_नाशिकरोड

तो तर आहेच. पॅकेजमध्येच मिळतो, लाखांत आहे. खातं आहे तोपर्यंत विमा आहे.

वैशाली_इंदिरानगर

नाही ना. तिथेच लोक फसतात.

तो विमा तुमच्या नावाची स्वतंत्र पॉलिसी नसते. बँकेने विमा कंपनीकडून गटविमा घेतलेला असतो आणि त्या पॅकेजमधले खातेदार हा तो गट. तुमच्या खात्याचा प्रकार बदलला की तुम्ही गटातून बाहेर. हप्ता तुम्ही भरत नव्हता, त्यामुळे तो भरणं थांबल्याचंही कळत नाही. हातात काही कागद नसतो आणि कोणी पत्रही पाठवत नाही. दावा करायला जाल तेव्हा बँक आधी बघते की अपघाताच्या वेळी खातं कोणत्या प्रकारात होतं आणि पगार जमा होत होता का.

डेबिट कार्डावर जो वेगळा अपघात विमा असतो, त्याची आणखी एक अट असते. अपघाताच्या आधी ठरावीक दिवसांत त्या कार्डाने व्यवहार झालेला असावा लागतो. किती दिवस आणि कुठला व्यवहार चालतो, ते कार्डाच्या प्रकारावर आहे. आता सगळे यूपीआय वापरतात. मी कामगारांना विचारते, कार्ड कुठंय? म्हणतात, घरी कपाटात. यूपीआयचा व्यवहार कार्डाचा व्यवहार नव्हे.

आमच्याकडून कोणी सोडून जातो तेव्हा मी त्याला सांगते की घरच्यांना सांग, या तारखेनंतर तो विमा धरू नका, वेगळा घ्या. नोकरी सोडताना कंपनीचा मेडिक्लेमही जातो आणि लोकांना तोच आठवतो. हा दुसरा कोणाच्या लक्षातच नसतो.

प्रेसवाला_नाशिकरोड

म्हणजे निवृत्त झाल्यावर आमचा पण जाणार? आमच्यातले निवृत्त झालेले तर म्हणतात पेन्शन त्याच खात्यात आली तर चालू राहतो.

निवृत्त_काऊंटर

काही बँकांची पेन्शनरांसाठी वेगळी पॅकेज आहेत, पण त्यांच्या रकमा आणि वयाच्या अटी निराळ्या. नोकरीतला आकडा निवृत्तीनंतर तसाच राहतो असं गृहीत धरू नका. शाखेत जाऊन खातं सध्या कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते लेखी मागा. तोंडी 'हो हो आहे साहेब' यावर मी स्वतः काऊंटरला असूनही विश्वास ठेवला नसता.

ठेकेदार_बदलतो

नमस्कार. मी सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत कंत्राटी आहे. काम तेच, मशीन तेच, ठेकेदार बदलतो. प्रत्येक ठेकेदाराची बँक वेगळी, त्यामुळे माझ्याकडे आता चार खाती आहेत आणि पाचवं परवा उघडलं. जुन्यांत शंभर-दोनशे रुपये असतील. एकात परवा भावाने चुकून हजार रुपये टाकले तर त्यातले सहाशे कापले गेले. ॲपमध्ये 'lien' असं काहीतरी दाखवत होतं. हे काय असतं? आणि बंद करायला गेलो तर बाई म्हणाल्या आधी थकबाकी भरा.

फावला_वेळ

भाऊ, चार पासबुकं म्हणजे तुमच्याकडे सावकारापेक्षा जास्त वह्या झाल्या.

निवृत्त_काऊंटर

ठेकेदार_बदलतो, तुमची अडचण या धाग्यातली सगळ्यात खरी आहे.

लिएन म्हणजे तुमच्या खात्यातल्या रकमेवर बँकेने ठेवलेला हात. पैसे दिसतात पण काढता येत नाहीत. थकलेला दंड वसूल करायला बऱ्याच बँका तो मांडून ठेवतात आणि पैसे आले की घेतात. खातं उणे दाखवलं जात नाही, म्हणजे नियमाचे शब्द पाळले जातात. हे नियमाच्या भावनेला धरून आहे का, यावर माझं मत 'नाही' असं आहे. त्याच परिपत्रकात म्हटलंय की दंड लावत बसण्यापेक्षा खात्यावरच्या सोयी मूलभूत खात्याइतक्या मर्यादित करा. बँकांचं म्हणणं वेगळं असतं. तुम्ही आधी एवढंच बघा की कापलेले सहाशे कशाचे होते. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक दंडाची ओळ असते. किमान शिल्लकेचे असतील आणि तुम्हाला आधी मेसेज आलेला नसेल, तर ते परत मागायला तुम्हाला जागा आहे. एसएमएस ॲलर्टचे किंवा कार्डाच्या वार्षिक फीचे असतील तर ती वेगळी गोष्ट. झिरो बॅलन्समध्ये कार्डाची फी माफ असते, साध्या खात्यात नसते.

पाच खात्यांपैकी एक ठेवा आणि त्याला मूलभूत बचत खातं करून घ्या. बँकेत 'बीएसबीडी' म्हणा, त्यांना कळतं. किमान शिल्लक नाही, कार्ड फुकट, पैसे कितीही वेळा भरा, महिन्यात चार वेळा काढणं फुकट. कोणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही आणि असलेलं खातंही अर्ज देऊन त्यात बदलता येतं. अट एकच, त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको.

वैशाली_इंदिरानगर

यात एक अडचण सांगते. ठेकेदाराने त्याच बँकेत पगारखातं उघडायला लावलं तर मूलभूत खातं राहणार नाही. म्हणून ज्या बँकेशी ठेकेदारांचं सहसा काम पडत नाही अशी निवडा. आणि पुढच्या ठेकेदाराला आधीच विचारा की माझ्या आहे त्याच खात्यात पगार टाकता का. एनईएफटीने टाकता येतो, आम्ही काही लोकांना टाकतो. पगारपत्रकवाल्यांना जरा जास्त काम पडतं म्हणून ते नाही म्हणतात, बँक नाही म्हणते म्हणून नव्हे.

हाच प्रश्न धागाकर्त्यालाही. तुमच्या नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत पगार देणार नाही असं खरंच सांगितलंय का? कधीकधी नव्या कंपनीचाही जुन्या बँकेशी करार असतो. मग खातं जुन्या कोडातून काढून नव्या कंपनीच्या कोडाखाली घेतात. शाखेत नियुक्तिपत्र आणि ओळखपत्र द्यायचं, बाकी ते करतात. क्रमांक तोच राहतो आणि हप्ते, पीएफ काही हलवावं लागत नाही.

गोदाकाठ

काका, दोन वर्षं वापरलं नाही की खातं निष्क्रिय होतं आणि मग दंड लागत नाही असं वाचलं. मग झोपू द्या ना खात्याला.

निवृत्त_काऊंटर

वाचलंत ते बरोबर. १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते परत चालू करायलाही पैसे घेता येत नाहीत. पण निष्क्रिय व्हायला दोन वर्षं लागतात आणि त्या दोन वर्षांत दंड चालूच असतो. तोवर लिएन साठतो. दहा वर्षांनी उरलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तेही मागता येतात, पण शंभर रुपयांसाठी कोण मागतंय.

द्राक्षबाग_पिंपळगाव

वडिलांचं मोबाइलवरून झालं. चेहरा तीनदा नाकारला, मग टोपी काढल्यावर घेतला. धन्यवाद काका.

सातपूर_ते_अंबड

सगळ्यांचे आभार. ओव्हरड्राफ्ट बघितला, सुरू होता पण वापर शून्य, बंद करायची विनंती टाकली. नव्या कंपनीत विचारलं, त्यांचा जुन्या बँकेशी करार नाही आणि ते दुसरीकडे पाठवत नाहीत. म्हणजे जुनं खातं बंद करायचं ठरवतोय. कशाच्या आधी काय करू? आणि शेवटचा हिशोब जमा झाला तर तो पगार धरून तीन महिने परत पहिल्यापासून मोजतात का?

वैशाली_इंदिरानगर

आमच्याकडे शेवटचा हिशोब त्याच पगाराच्या फाइलमधून जातो, तेव्हा बँकेला तो पगारच दिसतो. काही कंपन्या साध्या एनईएफटीने पाठवतात. तुमच्या कंपनीने कसा पाठवला त्यावर आहे. त्यावर विसंबू नका.

निवृत्त_काऊंटर

मोजणी परत सुरू होते असं काही ठिकाणी मी पाहिलंय, काही ठिकाणी नाही. बँकेगणिक फरक.

क्रम विचारलात, तर खातं सगळ्यात शेवटी बंद करा. आधी गाडीचा हप्ता. कर्ज त्याच बँकेचं असेल तर त्यांना नव्या खात्याचा मँडेट द्यावा लागेल. तो नोंदायला काही आठवडे जातात आणि त्या मधल्या महिन्यात हप्ता जुन्यातून जाईल की नव्यातून हे कोणीच छातीठोक सांगत नाही. म्हणून त्या एका महिन्यात दोन्ही खात्यांत हप्त्याइतके पैसे ठेवा. नव्या खात्यातून एक हप्ता गेलेला दिसला की तो विषय सुटला. एसआयपी असेल तर तीही तशीच.

मग पीएफ. ईपीएफओच्या पोर्टलवर नवीन खाते क्रमांक घाला. पूर्वी यासाठी मालकाची मंजुरी लागायची, २०२५ पासून ती काढली आहे. जुनं खातं बंद करून ठेवलं आणि दावा टाकला तर पैसे परत फिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून. आयकराच्या पोर्टलवर नवीन खातं प्रमाणित करून परताव्यासाठी तेच निवडा. यंदाचा परतावा यायचा असेल तर तो येऊ द्या. गॅस अनुदान किंवा घरात कोणाचे सरकारी पैसे आधारवरून येत असतील तर आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा, कारण ते पैसे आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातात.

घरचा_हिशोब

हे आधारचं अगदी खरं. शेजारच्या वहिनींचे लाडकी बहीणचे पैसे दोन महिने येत नव्हते. निघालं काय, तर ते जुन्या नोकरीच्या खात्यात जमा होत होते आणि त्यांना वाटत होतं सरकारने बंद केले.

फावला_वेळ

दोन महिने सरकारला शिव्या आणि पैसे आपल्याच दुसऱ्या खिशात.

निवृत्त_काऊंटर

आणि शेवटचा हिशोब खात्यात येईपर्यंत अर्ज देऊ नका. तो तुमच्या कंपनीच्या कागदात जुन्याच क्रमांकावर आहे.

अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी मागच्या काही वर्षांची स्टेटमेंटं पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. खातं बंद झालं की नेटबँकिंग बंद होतं आणि मग गृहकर्जासाठी जुनं स्टेटमेंट लागलं की शाखेत हेलपाटे. उरलेले चेक आणि कार्ड जमा करा, आणि खातं बंद झाल्याची पोच किंवा ईमेल घेतल्याशिवाय फाइल मिटवू नका. खातं वर्षापेक्षा जुनं असेल तर बहुतेक ठिकाणी बंद करायचे पैसे लागत नाहीत.

घाईत असाल आणि तोवर दंड नको असेल, तर एक मधली वाट आहे. काही बँकांत ठरावीक रकमेची एफडी त्या खात्याला जोडली की किमान शिल्लक बघत नाहीत. ती सोय तुमच्या बँकेत आहे का विचारा. नाहीतर दोन-तीन महिन्यांसाठी सहा हजार जास्तीचे पडू द्या. ते तुमचेच असतात, दंड तुमचा नसतो.

प्रेसवाला_नाशिकरोड

मी आज शाखेत जाऊन आलो. पॅकेज कोणतं ते लेखी मागितलं तर मॅनेजर म्हणाले ॲपमध्ये दिसतं. ॲपमध्ये एक नाव दिसलं, विम्याचा आकडा नाही. तो कुठे दिसतो कोणाला माहीत आहे का?

वैशाली_इंदिरानगर

त्या नावाने बँकेच्या संकेतस्थळावर पॅकेजचं पत्रक असतं, आकडा आणि अटी त्यात. पत्रकाची तारीख बघा, ही पॅकेज वरचेवर बदलतात.

ठेकेदार_बदलतो

काका, मी गेलो होतो. सहाशेपैकी किमान शिल्लकेचे बरेच निघाले. मेसेज आले नव्हते, कारण माझा जुना मोबाइल नंबर होता तिथे. बाई म्हणतात नंबर बदलला नाही ही तुमची चूक, पैसे परत मिळणार नाहीत. आणि मूलभूत खातं आमच्या शाखेत करत नाही म्हणाल्या.

निवृत्त_काऊंटर

नंबरच्या मुद्द्यावर त्यांची बाजू अगदीच पडकी नाही. पण ईमेल किंवा पत्र पाठवलं होतं का, ते विचारा. मूलभूत खातं मात्र नाकारता येत नाही, ते सगळ्या शाखांत द्यायचं असतं.

तोंडी बोलू नका. दोन्ही मुद्दे एका कागदावर लिहा, शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार टाका. फुकट आहे, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, मराठीत बोलतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल घेत नाही, म्हणून तो शिक्का महत्त्वाचा.

ठेकेदार_बदलतो

सोमवारी दुसऱ्या पाळीला आहे, सकाळी जाऊन कागद देतो. बाकीच्या खात्यांवर पण जुनाच नंबर आहे, तो तेव्हाच बदलून घेतो.